नऊ लाख किलोतला एक ग्रॅम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शेतीशाळेत शिकवत. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, माती परीक्षणावरच्या व्हिडिओची संहिता कशी असावी, यावर बोलेन. पलीकडे क्षणभर शांतता झाली. स्मृती व्याख्यानात एवढा किरकोळ विषय कसा, असं त्यांना वाटलं असावं. पण मी लहान शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ लिहिण्याचं काम करतो आणि या एका विषयावरचे बहुतेक व्हिडिओ मला चुकीच्या जागी रेंगाळलेले दिसतात. सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारं हिरवं शिवार, मग पार्श्वसंगीत, मग प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, पांढरा कोट घातलेले तज्ज्ञ. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे अर्ध्या मिनिटात उरकलेलं असतं. अहवाल तर शेवटी नुसता हातात धरून दाखवतात, वाचून कुणीच दाखवत नाही. ‘आमची माती आमची माणसं’ दूरदर्शनवर बघत मोठ्या झालेल्या पिढीला आठवत असेल, तिथे निदान माणूस शेतात उभा राहून सावकाश बोलायचा.

माझं म्हणणं असं आहे की दहा मिनिटांच्या व्हिडिओत पाच मिनिटं नमुन्याला द्यावीत, पाच मिनिटं अहवालाला, आणि प्रयोगशाळा दाखवूच नये. का, ते आकड्यांनी सांगतो.

एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे २२ लाख ४० हजार किलो माती. एकराला ती नऊ लाख किलोच्या आसपास भरते. त्यातून आपण प्रयोगशाळेला देतो अर्धा किलो. प्रयोगशाळा सेंद्रिय कर्बासाठी त्यातली साधारण एक ग्रॅम माती तोलते आणि ओल्सेन पद्धतीने स्फुरद काढायला अडीच ग्रॅम. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण भांड्यात भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. शेत तसं नसतं. बांधाकडे गाळ साचलेला, आंब्याखाली पालापाचोळा, एका कोपऱ्यात गेल्या वर्षीचा उकिरडा, गोठ्यालगत जनावरं बांधायची जागा, आणि पेरणीच्या दिवशी जिथे खताच्या गोण्या फोडल्या ती जागा वेगळीच. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही अचूक असलं तरी ते त्या एका ग्रॅमबद्दलच बोलतं. तो ग्रॅम शेताच्या वतीने बोलतो की उकिरड्याच्या वतीने, हे ठरतं शेतकऱ्याच्या खुरप्यापाशी.

म्हणून संहितेतलं पहिलं दृश्य मी असं लिहितो. कॅमेरा तळहातावर. तळहातावर डीएपीचा एकच दाणा. बाकी काही नाही. मग निवेदक हिशेब सांगतो. तीन मिलिमीटरच्या आत-बाहेरच्या या दाण्याचं वजन वीसेक मिलिग्रॅम. डीएपीत मूलद्रव्य स्वरूपात स्फुरद सुमारे वीस टक्के, म्हणजे या दाण्यात चार मिलिग्रॅम. खताच्या रिकाम्या पिशवीतून हा दाणा अर्धा किलो नमुन्यात गेला आणि दळला गेला, तर किलोमागे आठ मिलिग्रॅम स्फुरद वाढला. पंधरा सेंटिमीटर थरासाठी त्याला २.२४ ने गुणायचं, की हेक्टरी १८ किलो. शेताचा खरा स्फुरद ११ असेल तर अहवालात २९ छापून येईल. चुनखडीच्या मातीत त्यातला थोडा भाग मातीशी बांधला जातो, त्यामुळे वाढ जरा कमी भरेल, पण वर्ग बदलायला तेवढीही पुरते. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या सहा वर्गांच्या तक्त्यात ८ ते १४ म्हणजे ‘कमी’ आणि २९ ते ३५ म्हणजे ‘जास्त’. या एका दाण्याची किंमत किती, ते पुढे अहवालाच्या हिशेबात सांगतो.

‘खताची पिशवी वापरू नका’ हे वाक्य सगळ्याच व्हिडिओंत असतं. ते ऐकून कुणी पिशवी बदलत नाही, कारण पिशवी धुतलेली असते आणि घरात दुसरी हाताशी नसते. दाणा दाखवला की बदलतात. जस्ताचंही तसंच आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली की अहवालात जस्त भरपूर दिसतं. लोखंडी, गंजलेल्या घमेल्याने लोहाचा आकडा बिघडतो. प्लास्टिकचं घमेलं आणि सुती कापडाची स्वच्छ पिशवी, एवढं पुरे.

दुसरं दृश्य खड्ड्याचं, आणि ते न कापता, सलग दाखवावं. आधी वरचा पालापाचोळा, काडीकचरा हाताने बाजूला. फक्त काडीकचरा, माती खरवडायची नाही. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वीतभर म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा. खड्ड्यातली निघालेली माती फेकून द्यायची. इथेच चूक होते. लोक तीच माती पिशवीत भरतात. नमुना घ्यायचा तो खड्ड्याच्या सरळ बाजूचा, वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीचा, सगळीकडे सारखा काप. वर जाड आणि खाली निमुळता काप घेतला तर कर्ब आणि स्फुरद जास्त दिसतात, कारण दोन्ही वरच्या थरात जास्त असतात. फार खोल गेलात तर दोन्ही कमी दिसतात. दोन वर्षांच्या अहवालांत आकडे खाली-वर झाले तर माती बदलली असेल किंवा नुसतं खुरपं खोल गेलं असेल. म्हणून खुरप्याच्या दांड्यावर पंधरा सेंटिमीटरवर खूण करावी आणि ती खूण व्हिडिओत ठळक दिसावी.

आपल्याकडे एक अडचण खास काळ्या जमिनीची. मे महिन्यात ती दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात. भेगेतून वरची भुसभुशीत माती खाली उतरलेली असते, त्यामुळे भेगेच्या कडेला खड्डा घेऊ नये. शक्य असेल तर रब्बीचं पीक काढल्यावर, जमिनीत थोडी ओल असतानाच नमुना घ्यावा. खुरपं सहज चालतं आणि अहवाल पेरणीच्या आत हातात येतो. खत किंवा शेणखत टाकल्यावर मात्र निदान तीन महिने थांबावं.

असे आठ-दहा खड्डे, शेतात नागमोडी चालत. पण आधी एक प्रश्न विचारायचा: हे शेत एकच आहे का? सातबाऱ्यावर दोन एकर एका गटात असले तरी वरचा तुकडा मुरमाड आणि खालचा काळा असेल तर ती दोन शेतं आहेत, दोन नमुने. पाणी साचणारा चोपण पट्टा असेल तर तिसरा. सगळं एकत्र कालवलं तर जी सरासरी येते, तशी माती त्या शेतात कुठेच नसते. फळबागेचं वेगळं, तिथे एकेका फुटाचे तीन थर वेगवेगळे घ्यावे लागतात, आज तो विषय घेत नाही.

सगळ्या खड्ड्यांची माती गोणपाटावर पसरायची, ढेकळं फोडायची, खडे-मुळं वेचायची, नीट कालवायची. गोल ढीग करून हाताने चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच, अर्धा किलो राहीपर्यंत. ओलसर असेल तर सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीपाशी नाही. हे दृश्य मात्र पटपट दाखवलं तरी चालतं. एकदा पाहिलं की कळतं.

मग चिठ्ठी. नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, खोली, कोरडवाहू की बागायत, आधीचं पीक, आणि पुढचं पीक. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई ओलीने पसरते. एक पिशवीच्या आत, एक बाहेर. पुढच्या पिकाची जागा बहुतेक जण मोकळी सोडतात, आणि मग खताची शिफारस कुठल्याशा ठरावीक पिकाची येते. अहवाल निरुपयोगी ठरण्याचं हे फार साधं कारण आहे.

आता अहवाल. त्याआधी एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने चौकटीने घेतले गेले: बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. त्या चौकटीतल्या सगळ्यांना त्याच नमुन्याच्या आधारे पत्रिका मिळाल्या. म्हणजे ज्याच्याकडे पाऊण हेक्टर कोरडवाहू आहे, त्याच्या पत्रिकेवर नाव त्याचं, पण माती कदाचित चौथ्या बांधापलीकडची. तालुक्याचं नियोजन करायला असा नकाशा उपयोगी असतो. एका तुकड्यात किती बॅगा टाकायच्या, हे त्यावरून ठरवू नये. जुनी पत्रिका कपाटातून काढून दाखवणाऱ्या शेतकऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: खड्डे तुमच्या शेतात, तुमच्यासमोर घेतले होते का?

समजा घेतले होते. मराठवाड्यातलं मध्यम काळ्या जमिनीचं दोन एकर शेत धरू, पुढचं पीक सोयाबीन. उदाहरण मी रचलेलं आहे, पण असे अहवाल त्या भागात नेहमी दिसतात. सामू ८.१. क्षारता ०.३४. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. मुक्त चुना साडेनऊ टक्के. नत्र हेक्टरी १७८ किलो, स्फुरद ११, पालाश ४६२. गंधक ८ आणि जस्त ०.४८, दोन्ही किलोमागे मिलिग्रॅममध्ये.

व्हिडिओत हा सगळा कागद एकदम दाखवू नये. मोबाइलच्या पडद्यावर तो वाचताच येत नाही. एका वेळी एक ओळ, मोठ्या अक्षरात.

पहिली ओळ सामूची. ८.१ वाचून गावातला कुणीतरी हमखास म्हणतो, जमीन चोपण झाली, जिप्सम टाका. थांबा. आपल्या काळ्या जमिनीत हा सामू चुन्यामुळे येतो आणि जिप्समने चुना जात नाही. जिप्समचं काम सोडियमने बिघडलेल्या जमिनीत, जिथे सामू साडेआठच्या वर असतो आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. साध्या अहवालात सोडियमचा हा आकडा नसतोच. शंका असेल तर तो वेगळा करून घ्यावा, पण त्याआधी जिप्समवर पैसे घालू नयेत. दुसरी ओळ क्षारतेची. एकच्या खाली आहे, पुढे चला.

नत्र, स्फुरद, पालाशाच्या ओळींत मात्र सगळ्यात महाग चूक होते. अहवालात ‘उपलब्ध नत्र १७८ किलो’ लिहिलेलं असतं आणि शिफारस असते ३० किलोची. हिशेबी माणूस सरळ म्हणतो, जमिनीत १७८ आहे, मग मी ३० कशाला टाकू? वाक्य तर्काला धरून आहे आणि साफ चुकीचं आहे. प्रयोगशाळेने एका ठरावीक रसायनात माती ढवळून जेवढं निघालं तेवढं मोजलं. तेवढं पिकाला हंगामात मिळेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हा आकडा फक्त वर्ग ठरवण्यासाठी आहे: कमी, मध्यम की जास्त. शिफारशीतून तो वजा करायचा नाही. व्हिडिओत हे वाक्य दोनदा म्हणावं, एकदा निवेदकाने आणि एकदा शेतकऱ्याने.

आता वर्ग लावू. नत्र १४१ ते २८० मध्ये, म्हणजे कमी. आपल्याकडे तो बहुतेक शेतांत कमीच येतो. स्फुरद ११, कमी. पालाश ३०० च्या वर, अत्यंत जास्त. काळ्या जमिनीत हेही नेहमीचंच. कर्ब ०.४८ म्हणजे मध्यम. गंधक दहाच्या खाली आणि जस्त ०.६ च्या खाली, दोन्ही अपुरे.

परभणी कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश आणि २० गंधक अशी आहे. ढोबळ नियम असा की वर्ग ‘कमी’ असेल तर मात्रा पाव हिश्शाने वाढवायची, मध्यम असेल तर तशीच ठेवायची, ‘जास्त’ असेल तर पाव हिश्शाने आणि ‘अत्यंत जास्त’ असेल तर निम्म्याने कमी करायची. नत्र साडेसदतीस झालं, स्फुरद पंच्याहत्तर, पालाश पंधरा. हे हेक्टरी. दोन एकर म्हणजे हेक्टरच्या आठ दशांश, तेव्हा आपल्या शेताला नत्र ३० किलो, स्फुरद ६०, पालाश १२ आणि गंधक १६.

इथपर्यंत बरेच अहवाल पोहोचतात आणि तिथेच सोडून देतात. दुकानात कुणी ‘साठ किलो स्फुरद द्या’ म्हणत नाही. म्हणून शेवटचा हिशेब बॅगांचा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, तर ६० किलोसाठी ३७५ किलो, साडेसात बॅगा. त्याबरोबर गंधक एवढं येतं की वेगळं घ्यायची गरज राहत नाही. नत्रासाठी युरिया ६५ किलो, पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. साडेसात बॅगा वाहून नेणं जड वाटत असेल तर डीएपी १३० किलो, वर युरिया फक्त १४ किलो; पण डीएपीत गंधक नाही, तेव्हा नव्वद टक्क्यांचं गंधक १८ किलो वेगळं घ्यावं लागेल. आणि सवयीने १०:२६:२६ घेतलं तर? साठ किलो स्फुरदासाठी २३१ किलो लागेल आणि त्याबरोबर ६० किलो पालाशही येईल, जिथे १२ पुरत होता. पालाशाने भरलेल्या जमिनीत पैसे देऊन पालाश टाकणं, एवढाच त्याचा अर्थ.

जस्तासाठी एकरी दहा किलो झिंक सल्फेट, शेणखतात कालवून. स्फुरदाच्या खतात मिसळायचं नाही, दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि पिकाच्या हाती काही लागत नाही.

आता तो सुरुवातीचा दाणा. नमुन्यात तो पडला असता तर स्फुरद २९ दिसला असता, वर्ग ‘जास्त’, मात्रा हेक्टरी ७५ ऐवजी ४५. दोन एकरांत साठऐवजी छत्तीस. फरक २४ किलो, म्हणजे डीएपीची एक अख्खी बॅग, आणि तीही स्फुरदाला आधीच कमी असलेल्या जमिनीत. प्रयोगशाळेची यात काडीचीही चूक नाही.

अहवाल काय सांगू शकत नाही, तेही संहितेत यायला हवं. सोयाबीन पावसात पिवळं पडतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तेव्हा अहवालातलं लोह पुरेसं दिसत असतं. चुना जास्त आणि मुळाशी पाणी साचलेलं असेल तर लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही. तिथे अहवालापेक्षा पान खरं. नत्राच्या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नये. पाऊस आणि ओल बदलली की तो बदलतो. कर्बाचा आकडा त्यामानाने स्थिर, म्हणून तीन-चार वर्षांची तुलना करायची तर कर्बाची करावी.

आणि अहवालच चुकला आहे अशी शंका आली तर? एकाच गोणपाटावर कालवलेली माती दोन पिशव्यांत भरावी, चिठ्ठीवर ‘वरचा तुकडा’ आणि ‘खालचा तुकडा’ असं लिहून एकाच वेळी द्यावी. आकडे जवळपास सारखे आले तर प्रयोगशाळेवर भरवसा ठेवा. फार तफावत आली तर दुसरी शोधा. गटाने नमुने देणाऱ्या शेतकऱ्यांनी हे दरवर्षी करावं, खर्च एका जादा नमुन्याचा. यात प्रयोगशाळेचा अपमान नाही. चांगल्या प्रयोगशाळा स्वतःही माहीत असलेली माती मधूनमधून अशीच तपासून बघतात.

आज सभागृहात कृषी सहायक आहेत, व्हिडिओ करणारी तरुण मंडळीही बरीच दिसतात. तुम्हाला एवढंच सांगतो. ड्रोनचे पैसे वाचवा आणि तेवढ्यात तुमच्या तालुक्यातला एक खरा अहवाल घ्या, नाव-गट क्रमांक झाकून. त्याचा बॅगांपर्यंतचा हिशेब पडद्यावर, पाटीवर खडूने करून दाखवा, आणि व्हिडिओ रब्बीच्या काढणीआधी लोकांच्या मोबाइलवर पोहोचू द्या. जूनमध्ये पोहोचला तर तोवर खत दुकानातून घरी आलेलं असतं.